‘राज्यसत्ता म्हणजे अंतिमतः बळच.’ चर्चा करा : तीन तासांचा आराखडा

रविवार, दहा ते एक. विषय मागच्याच रविवारचा, कारण मागचा निबंध हॉब्जमध्येच बुडाला. सामाजिक कराराची कथा सांगण्यात पन्नास मिनिटं गेली, आणि समारोप बारा पंचावन्नला चार ओळींत उरकला. माझं एक पान नऊ मिनिटांत होतं. लिहायला एकशे तीस मिनिटं धरली तर चौदा पानं, पंधरावं नाही.

१०.०० ते १०.३०. पेन कच्च्या पानावरच. पहिली दहा मिनिटं फक्त ‘अंतिमतः’ या शब्दावर. त्याचे दोन अर्थ निघतात: ‘सगळे उपाय थकल्यावर’ आणि ‘मुळात, सारतः’. विधान पहिल्या अर्थानं बरंचसं खरं आहे, दुसऱ्या अर्थानं खोटं. निबंध याच फटीत उभा करायचा. कच्च्या पानावर वर एकच वाक्य, चौकट करून: बळ हा राज्यसत्तेचा शेवटचा आधार आहे, तिची रोजची ताकद पोहोच आणि संमती यांतून येते. कुठलाही परिच्छेद या वाक्याशी जोडता आला नाही तर तो गाळायचा, कितीही आवडता असला तरी. (रूसो गेला. वाईट वाटतंय.)

१०.३० ते १०.४५. दीड पान. व्याख्येनं सुरुवात नाही. ९ नोव्हेंबर १९८९ची रात्र, बर्लिन. संध्याकाळी पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्यानं प्रवासाचे नवे नियम तात्काळ लागू असल्याचं सांगून टाकलं. भिंतीच्या नाक्यांवर गर्दी जमली. पहारेकऱ्यांकडे बंदुका होत्या, स्पष्ट आदेश नव्हता. मध्यरात्रीच्या आत फाटक उघडलं. शस्त्रं तीच होती, मग काय संपलं होतं? हा प्रश्न टाकून लगेच चौकटीतलं वाक्य.

१०.४५ ते ११.१०. पावणेतीन पानं, विधानाची बाजू प्रामाणिकपणे. हॉब्ज (१६५१) एका परिच्छेदात: तलवारीविना करार म्हणजे नुसते शब्द. मग वेबर, १९१९चं व्याख्यान: विशिष्ट भूप्रदेशात वैध बळाच्या वापराच्या मक्तेदारीचा यशस्वी दावा करणारा समुदाय म्हणजे राज्य. मागच्या वेळी ‘वैध’ आणि ‘दावा’ हे दोन शब्दच सुटले होते. खुद्द वेबर म्हणतो की बळ हे राज्याचं एकमेव किंवा नेहमीचं साधन नाही, ते त्याचं खास साधन आहे. म्हणजे विधानाच्या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार अर्धा आपल्याकडे. हे वळण ठसठशीत यायला हवं.

११.१० ते ११.४०. सव्वातीन पानं, पोहोच. मायकेल मान (१९८४) दोन सत्ता वेगळ्या करतो: समाजाला न विचारता निर्णय घेण्याची, आणि समाजात खोलवर शिरून ते निर्णय अमलात आणण्याची. जुना सम्राट कुणाचंही डोकं उडवू शकत होता, पण दूरच्या प्रांतात कोण किती कमावतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आजचं राज्य पगार हाती येण्याआधीच कर कापून घेतं. दारात शिपाई येत नाही. कौटिल्याची सप्तांगं इथे एका ओळीत: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड, मित्र. सातांत दंड, म्हणजे बळ, एक. त्याहून जास्त नको, नाहीतर प्राचीन राजनीतीवर वेगळाच निबंध सुरू होईल.

११.४० ते १२.२०. साडेचार पानं. गुण इथेच आहेत, म्हणून सगळ्यात जास्त वेळ. आक्षेप असा: ‘संमती’ हीच बळाची सभ्य पोशाखातली आवृत्ती असेल तर? मार्क्स आणि एंगल्स (१८४८): आधुनिक राज्याची कार्यकारी सत्ता म्हणजे भांडवलदारांचे सामायिक व्यवहार पाहणारी समिती. ग्राम्शी: वर्चस्व शाळा, धर्मसंस्था, वृत्तपत्रं यांतून घडतं, पण त्याला बळाचं चिलखत असतं. ल्यूक्स (१९७४): सर्वांत परिणामकारक सत्ता तीच, जी तक्रार मनात उमटूच देत नाही. तिघांची ओळख करून देत बसायचं नाही. तिघांनाही एकच प्रश्न विचारायचा: घडवलेली संमती ढासळली की काय होतं? मग बर्लिनला परत. माझं उत्तर: संमती घडवलेली असली तरी ती काढून घेता येते, आणि काढून घेतल्यावर बळ पुरत नाही, कारण बंदूक धरणाऱ्यालाही आज्ञा पाळावीशी वाटावी लागते. फूको इथे खुणावेल. दोन वाक्यं, बस.

बारा वीसला हा भाग अर्धवट असला तरी वाक्य पुरं करून पुढे.

१२.२० ते १२.४०. दोन पानं. ‘अंतिमतः’चे दोन्ही अर्थ पुन्हा, आता निकालासह. एक सवलत मोकळेपणानं द्यायची: जिंकलेल्या प्रदेशावरच्या लष्करी अंमलात बळ शेवटी नव्हे, पहिल्याच दिवशी येतं. तिथे विधान जास्त खरं. मात्र असा अंमल टिकवायचा तर कारकून, नोंदवह्या आणि स्थानिक मध्यस्थ लागतातच.

१२.४० ते १.००. वाचन. सनावळी तपासणे. ‘राज्य’, ‘शासन’, ‘सरकार’ एकमेकांच्या जागी पडलेत का ते पाहणे. मागच्या वेळी सात ठिकाणी पडले होते. प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याखाली पेन्सिलीनं हलकी रेघ, आणि तेवढीच वाक्यं सलग वाचायची. मध्ये जिथे अडखळेन तिथे एक जोडवाक्य समासात.