धाम नदीच्या मातीतून बैल, दिवे आणि मडकी: मुलांचं उन्हाळी मातीकाम शिबिर, पवनार

नावनोंदणी सुरू आहे. शिबिर ११ मे (सोमवार) ते २१ मे २०२६ (गुरुवार), सकाळी ७ ते ९.३०. रविवारी, १७ तारखेला सुट्टी. जागा कुंभारवाड्यामागे, कडुनिंबाखाली घातलेला मांडव.

मे महिन्यातलं वर्धा जिल्ह्याचं ऊन कोणाला सांगायला नको, म्हणून वेळ सकाळचीच ठेवली आहे. दहाच्या आत लेकरू घरी पोचलं पाहिजे.

वयोगट ७ ते १४ वर्षं. सात ते दहाची मुलं एका चटईवर, अकरा ते चौदाची दुसऱ्या. एकूण ३० जागा आहेत, कारण शिकवणारे आम्ही तिघंच: चित्रकला शिकवणारी मी आणि गावातले कुंभारकाका-काकू. "आमचा सहा वर्षांचा आहे, पण हुशार आहे" असं दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. हुशारीबद्दल शंका नाही, पण माती मळायला मनगटात जोर लागतो. त्याला पुढच्या वर्षी पाठवा.

इथं साचे नाहीत, प्लास्टर ऑफ पॅरिस नाही आणि विकतची रंगीत क्लेही नाही. शाडूसुद्धा आणणार नाही, ती आपल्याकडे बाहेरून येते. माती धामेच्या काठची. नुसत्या काळ्या मातीची वस्तू सुकताना तडकते, कारण ही माती पाण्यानं फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते. शेतातल्या भेगा आपण बघतोच. म्हणून तिच्यात चाळलेली रेती, राख आणि घोड्याची लीद मिसळतात. लीद हे नाव ऐकून नाकं मुरडली जातील. ती वाळलेली आणि चाळलेली असते, आणि पोट्ट्यांना त्याचं काही वाटत नाही, वाटतं ते मोठ्यांनाच.

पहिले दोन दिवस फक्त माती. भिजवायची, गाळायची, पायानं तुडवायची, हातानं मळायची. घरी आल्यावर मूल म्हणेल, "आज काहीच बनवलं नाही." काळजी करू नका. मळताना आत हवा राहिली तर पुढचं सगळं काम बिघडतं.

बुधवारी अंगठ्यानं खोलगट करून वाटी आणि पणती. गुरुवारी वळ्या एकावर एक रचून छोटं मडकं. मोठ्या गटाला चाकावर हात लावायला मिळेल, पण प्रत्येकाचं भांडं चाकावर उभं राहील असं मी सांगणार नाही. शुक्रवार पूर्ण बैलाचा. तान्ह्या पोळ्याला आपण लाकडी बैल फिरवतो, हा मातीचा असेल. चाकंही मातीची, भाजून झाल्यावर बांबूच्या काडीवर बसवायची. बैल आतून पोकळ करावाच लागतो. भरीव राहिला तर आतल्या ओलीची वाफ होते आणि तो आव्यात फुटतो, सोबत शेजारच्यालाही घेऊन जातो. वाळवणही सावलीत, ओल्या बारदानाखाली. उन्हात ठेवलं की तासाभरात शिंगं गळतात.

शनिवारी विनोबांच्या आश्रमात जाऊ. आश्रमाची जमीन खणताना निघालेली जुनी दगडी शिल्पं तिथं आहेत. ती बघून मुलांनी वहीत चित्रं काढायची. सोमवारी गेरू लावायचा आणि गुळगुळीत गोट्यानं घासून चकाकी आणायची. मंगळवारी, १९ तारखेला, संध्याकाळी ६ वाजता आवा लावू. त्या दिवशी सकाळी शिबिर नाही. आवा पेटताना पालकांनी जरूर यावं, मुलांना मात्र दोरीच्या आत सोडणार नाही. बुधवारी आवा निवेल, त्या सकाळी मांडवात बांबूच्या काड्या तासून ठेवू. गुरुवारी आवा उघडू आणि वस्तू घरी नेऊ. एखादी फुटते, त्याची तयारी ठेवा. म्हणूनच प्रत्येकाकडून दोन बैल करून घेतो.

शुल्क ४०० रुपये. एकाच घरची दोन मुलं असतील तर दुसऱ्याचे २५०. यात माती, गेरू, आव्याचं जळण आणि रोज मठ्ठा किंवा पन्हं आलं. ज्यांना एकदम जमत नाही त्यांनी निम्मे आधी आणि निम्मे आव्याच्या दिवशी द्यावेत. तेही अवघड असेल तर बाजूला घेऊन सांगा, पैशापायी मूल घरी बसू नये. पण नाव नोंदवून आलं नाही तर पैसे परत नाहीत, कारण तेवढी माती आम्ही आधीच मळायला घेतलेली असते.

नोंदणी २५ एप्रिल ते ५ मे, रोज संध्याकाळी ५ ते ७, कुंभारवाड्यातच. पैसे रोख, पावती लगेच. मुलाला सोबत आणा; वयासाठी शाळेचं ओळखपत्र किंवा आधारची झेरॉक्स चालेल. त्वचेचा त्रास, दमा किंवा फिट येत असेल तर तेव्हाच सांगा. जागा भरल्या की यादी बंद.

रोज सोबत: जुने कपडे, पाण्याची बाटली, डोक्याला दुपट्टा आणि एक जुनं सुती फडकं. नखं कापून पाठवा. खिशात कांदा ठेवणाऱ्या आज्यांना आमची हरकत नाही, फक्त पोट्ट्यानं त्याचाही बैल करू नये. वर्धा आणि सेलूकडून एसटीनं येणाऱ्यांसाठी आमच्यापैकी एकजण पावणेसातला फाट्यावर उभा राहील, परतीच्या गाडीत बसवायलाही तोच येईल.