शाल, नारळ आणि मे महिन्यातलं शिबिर

अध्यक्षसाहेब, मंडळाची पोरं आणि गल्लीतल्या सगळ्या माय-भगिनींनो,

नमस्कार. मी एसटीत कंडक्टर होतो. 'पुढं सरका' यापलीकडं भाषण करायची वेळ कधी आली नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मानपत्रात मला 'रक्तदाते' म्हटलंय. वयाची 65 उलटल्यापासून माझं रक्त कुणी घेत नाही. मी फक्त फोन करतो. रात्री-अपरात्री उठवून "येतोस का मिरजेला?" असं विचारणारा म्हातारा एवढंच माझं काम. तरी माणसं येतात. त्यांची नावं घ्यायला लागलो तर आरती राहून जाईल, आणि एखादं सुटलं तर तो पुढच्या वेळी फोन उचलणार नाही!

थोरलीच्या बाळंतपणात रक्त लागलं होतं. पिशवी आली, लेक वाचली. ते रक्त कुणाचं, ते मला आजवर कळलेलं नाही. मग हात जोडायचे कुणापुढं? म्हणून हे फोन सुरू झाले. घरातल्या फोनचं बिल आणि माझी झोप, दोन्ही सौ.नं सोसलं. ही शाल खरी तिची. ती तिकडं मागं बसलीय आणि आता माझ्यावर चिडलीय.

मला खरे आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे. गणपतीत दर चौकात शिबिर असतं. रक्तपेढ्या भरून जातात. पण रक्ताची पिशवी टिकते साधारण 35 दिवस, प्लेटलेट तर फक्त 5. मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावाला, आणि थॅलेसेमियाच्या लेकरांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. त्यांना कुठली सुट्टी? मी हे बऱ्याच मंडळांना सांगून पाहिलं. "काका, गणपतीत फोटो चांगले येतात," असं एकानं तोंडावर सांगितलं. खोटं कशाला बोलू, राग आला होता.

आपल्या पोरांनी मात्र ऐकलं. आपलं शिबिर मेमध्ये नेलं. भर उन्हात मांडव घातला, पाहुणा नाही, बॅन्ड नाही. त्या दिवशी मला जे वाटलं, त्यापुढं हा नारळ हलका आहे. रागावू नका.

पाकिटातले पैसे मी घरी नेत नाही. पुढच्या मेच्या चहा-बिस्किटाला आणि दोन जादा पंख्यांना ते ठेवा. पंखे मात्र चालणारे आणा.

आणि जाताना प्रसादाच्या टेबलाशेजारी माझी वही आहे. नाव, रक्तगट, फोन नंबर लिहा. वजन 45 किलोच्या वर पाहिजे. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर तेही लिहा, डॉक्टर ठरवतील. निगेटिव्ह गटवाल्यांनी आधी मला भेटा, मग प्रसाद घ्या.