तृतीय वर्षासाठी एक वर्षाची शैक्षणिक रजा व जागा कायम ठेवण्याबाबत अर्ज

दिनांक : १५ जून २०२६

प्रति,
मा. अधिष्ठाता (शैक्षणिक विभाग),
अभियांत्रिकी शाखा, पुणे

विषय : शैक्षणिक वर्ष २०२६-२७ साठी रजा मिळणे व बी.टेक. स्थापत्य अभियांत्रिकीतील माझी जागा कायम राहणेबाबत.

महोदया,

मी ऋतुजा संतोष भोर, द्वितीय वर्ष बी.टेक. (स्थापत्य), तुकडी ब. चारही सत्रांचे सर्व विषय उत्तीर्ण आहे, सरासरी श्रेणी ८.१४ आहे. येत्या जुलैपासून तृतीय वर्षाला बसायचे होते. घरच्या परिस्थितीमुळे ते एक वर्ष पुढे ढकलण्याची परवानगी मागत आहे.

आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून गेल्या वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. आता प्रत्यारोपण करायचे ठरले आहे आणि मूत्रपिंड बाबा देणार आहेत. पती कायद्याने जवळच्या नात्यात येत असल्याने रुग्णालयाच्या पातळीवरील परवानगीची कागदपत्रे दाखल झाली आहेत. शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये अपेक्षित आहे. म्हणजे घरातली दोन्ही मोठी माणसे एकाच दिवशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतील. बाबा काही दिवसांत घरी येतील, पण पुढचे दोन महिने तरी त्यांना जड काही उचलता येणार नाही. ते कंपनीत फिटर आहेत, त्यामुळे लगेच कामावर जाणे शक्य नाही. आईची काळजी त्याहून लांबणारी आहे. सुरुवातीचे काही महिने वारंवार रक्ततपासण्या, ठरलेल्या वेळीच द्यायच्या गोळ्या आणि संसर्गापासून जपणूक. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना घरातल्या कोणी रोज धायरीहून भरलेल्या बसने ये-जा करून त्याच खोलीत तिच्याजवळ बसावे, हे डॉक्टरांनाही नको आहे. मावशी पंधरा दिवस येते म्हणाली आहे. धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे, त्याच्यावर हे टाकणे मला पटत नाही.

एकच सत्र का नको, असे आपण विचाराल. विभागप्रमुख सरांनीही हेच विचारले होते. पाचव्या सत्राचे विषय जुलैतच सुरू होतात. जानेवारीत परतले तरी पाचवे सोडून सहाव्यात बसावे लागेल, आणि संरचना विश्लेषणाशिवाय पुढचे संकल्पन विषय माझ्याने निभणार नाहीत. नाव नोंदवून हजेरीत सवलत मागणे हा दुसरा मार्ग होता. प्रात्यक्षिके, सर्वेक्षण शिबिर आणि टर्मवर्क घरून होत नाही. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली जाऊन वर्ष गमावण्यापेक्षा सुरुवातीलाच थांबणे मला सरळ वाटते.

द्वितीय वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय नव्या शैक्षणिक धोरणात आहे, हे मला माहीत आहे. मला ती नको आहे. मला पदवी पूर्ण करायची आहे आणि ती इथेच करायची आहे. माझा प्रवेश सीईटीच्या गुणांवर कॅप फेरीतून झाला आहे. तो रद्द झाला, तर पुन्हा पहिल्यापासून प्रवेश परीक्षेच्या रांगेत उभे राहावे लागेल आणि दोन वर्षांचे काम वाया जाईल. म्हणून विनंती अशी की माझा प्रवेश रद्द न करता २०२६-२७ हे वर्ष मंजूर खंड म्हणून नोंदवावे, आजवर मिळालेले श्रेयांक ग्राह्य धरावेत आणि जुलै २०२७ मध्ये याच शाखेच्या तृतीय वर्षात मला नोंदणी करू द्यावी. दरम्यान अभ्यासक्रम बदलला, तर समतुल्यतेसाठी द्यावे लागणारे जादा विषय मी देईन.

शुल्काचे म्हणाल तर जागा राखण्यासाठी नियमाने जे काही असेल ते मी भरीन. शिकवणी शुल्क त्या वर्षी आकारू नये. मुलींसाठीच्या शासकीय शुल्कमाफीचा लाभ मी घेते. रजेच्या वर्षात महाडीबीटीवर अर्ज भरणार नाही, मात्र परतल्यावर हा खंड आड येऊ नये यासाठी मंजुरीचे पत्र कार्यालयाच्या सही-शिक्क्यासह हवे आहे. ग्रंथालयाची पुस्तके व प्रयोगशाळेचे साहित्य परत केले आहे, ना-देय प्रमाणपत्र जोडले आहे.

तृतीय वर्षाची नोंदणी ३ जुलैला बंद होते. त्याआधी निर्णय कळला, तर माझे नाव नापास किंवा गैरहजर यादीत जाणार नाही. आपण बोलावल्यास बाबा व मी कार्यालयात भेटायला येऊ. आईच्या डायलिसिसमुळे मंगळवार, गुरुवार व शनिवारची सकाळ तेवढी अवघड जाते. मे २०२७ अखेर मी परतण्याचे लेखी कळवीन.

कळावे,

आपली विश्वासू,
ऋतुजा संतोष भोर
द्वितीय वर्ष बी.टेक. (स्थापत्य), तुकडी ब
धायरी, पुणे ४११०४१

पालकाची संमती : वरील अर्जास माझी संमती आहे. संतोष भोर (वडील)

सोबत : मूत्रविकार तज्ज्ञांचे प्रमाणपत्र, प्रत्यारोपण समन्वयकांचे पत्र, चारही सत्रांच्या गुणपत्रिका, ना-देय प्रमाणपत्र, विभागप्रमुखांची शिफारस.