सिंचन यशस्वी

रावेर तालुक्यातल्या त्या केळीच्या बागेला मे महिन्यात पाणी द्यायचे, तर शेतीची थ्री फेज वीज ज्या आठवड्यात रात्रीची असे, त्या आठवड्यात आबांना मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावरून जावे लागे, आणि ते थांबावे म्हणून हर्षलने स्टार्टरला टायमर जोडला होता. पहाटे मोबाइलवर "सिंचन यशस्वी" असा निरोप येई, आणि तो आबांना वाचून दाखवला की त्याचा दिवस समाधानात सुरू होई.

चौथ्या दिवशी सकाळी आबा बागेतून परतले ते न बोलता ओट्यावर बसले. "पाणी चालू आहे ना रे?" त्यांनी विचारले. हर्षलने मोबाइल पुढे केला. आबांनी त्याकडे पाहिलेही नाही. "दुपारी पानं मिटली तर ऊन म्हणता येतं. आज दिवस उगवायलाच मिटलेली आहेत."

दोघे बागेत गेले. नुकत्याच निसवलेल्या झाडांची पाने मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी खाली दुमडली होती. आबांनी ड्रिपरखाली बोट खुपसले. ते पेराएवढेही आत गेले नाही, आणि नखात आली ती नुसती धूळ.

हर्षल मोटारघराकडे धावला. भिंतीवरच्या तीन फेजच्या तीन दिव्यांपैकी मधला विझलेला होता. डीपीवरचा एक फ्यूज गेलेला असल्याने सिंगल फेज प्रिव्हेंटर स्टार्टरला उचलू देत नव्हता, आणि मोटारीपर्यंत वीज पोचतच नव्हती. टायमर मात्र उरलेल्या फेजवर जागा होता. तो ठरल्या वेळी स्टार्टरला हुकूम सोडी, दोन तास मोजी आणि यशाचा निरोप धाडी. हुकूम पाळला गेला की नाही, हे त्याला कळवणारी एकही वायर हर्षलने जोडली नव्हती.

फ्यूज बसवून झाल्यावर वायरमनने कॉन्टॅक्टरवरून टायमरला खूण देण्याचे सुचवले. आबांनी मान हलवली. "मोटार फिरली म्हणजे पाणी आलं असं नाही. बोअरनं हवा ओढली तरी ती फिरतेच. पाइपात पाणी आहे का, ते त्याला विचारायला लाव."

म्हणून फिल्टरच्या पुढे प्रेशर स्विच बसला. पाइपात दाब चढल्याखेरीज टायमरने वेळ मोजायची नाही आणि दहा मिनिटांत तो चढला नाही तर फोन लावायचा, असे हर्षलने ठरवून दिले.

त्याच आठवड्यात रात्री एक वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर "दाब नाही, सिंचन थांबले" असे होते. तो उठून चप्पल शोधू लागला, तेव्हा आबाही जागे झाले.

"मी जातो, तुम्ही झोपा," हर्षल म्हणाला.

"आधी दिवे मोज," आबा म्हणाले, "आणि तिन्ही लागलेले असले तर फिल्टर खोलून बघ."