उघडं राहिलेलं रिपोर्टचं फोल्डर: ८ ते ११ नोव्हेंबरची नोंद

सापडलं: शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ७.५२
काय होतं: एका पॅथॉलॉजी लॅबचे पेशंटचे रिपोर्ट, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, पासवर्डाशिवाय
यादी बंद: सोमवार, १० नोव्हेंबर, सकाळी ११.२०
फाइली बंद: मंगळवार, ११ नोव्हेंबर, दुपारी ४.०५
कोणाला कळवलं: लॅब, लॅबला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी, केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन, अ‍ॅमेझॉन

लॅबचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. बकेटचं, म्हणजे क्लाउडवरच्या त्या फोल्डरचं, नावही काढलं आहे. ही नोंद त्या दोघांनाही पाठवली आहे.

मी नाशिकमध्ये वेबसाइट बनवण्याचं काम करते. सुरक्षा हा माझा धंदा नाही आणि मी काही शोधायलाही गेले नव्हते. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शनिवारी सकाळी रक्ततपासणी झाली. संध्याकाळी रिपोर्टच्या लिंकचा एसेमेस आला. तो एसेमेस लिंकच्या मधोमध तुटला होता: `.com/` पर्यंतचा भाग एका ओळीत, पुढचा दुसऱ्या ओळीत. अण्णांनी बोट लावलं तर पहिलाच तुकडा उघडला. "हे काय इंग्रजीत आलंय बघ," म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

स्क्रीनवर हे होतं (नावं आणि आकडे मी झाकले आहेत):

```
<ListBucketResult>
  <MaxKeys>1000</MaxKeys>
  <IsTruncated>true</IsTruncated>
  <Contents>
    <Key>2023/01/xxxxx_98xxxxxxxx_CBC.pdf</Key>
    <LastModified>2023-01-04T06:51:22.000Z</LastModified>
```

आणि याच्याखाली अशाच नोंदींची रांग. एका वेळी हजार नावं दाखवली जातात. `IsTruncated` समोर `true` म्हणजे पुढे आणखी आहेत. किती, ते मी मोजलेलं नाही, कारण पुढचं पान मागवलंच नाही. माझ्या लॅपटॉपवर, खाजगी विंडोत, कुठेही लॉगिन नसताना तोच पत्ता एकदा उघडून पाहिला. तीच यादी आली. फोनवर दिसलेल्या पानाचा एक स्क्रीनशॉट घेतला आणि दोन्हीकडची पानं बंद केली.

एवढ्यावर थांबायचं कारण साधं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरण्याला आणि डेटा उतरवून घेण्याला शिक्षा आहे. दार उघडं होतं हा बचाव मला आजमावून बघायचा नव्हता. फाइल उघडली ती एकच, अण्णांची, त्यांनाच आलेली लिंक पूर्ण जोडून.

आता मूळ मुद्दा. लॅबमध्ये मला पुन्हा पुन्हा विचारलं गेलं, "पण रिपोर्ट कोणी उघडले का?" उघडायची गरजच नव्हती. फाइलच्या नावातच पेशंटचं नाव, मोबाइल नंबर आणि तपासणीचा कोड होता. CBC किंवा LIPID असेल तर एक वेळ ठीक. पण त्याच पहिल्या पानावर HIV, HBSAG आणि BHCG हेही कोड होते. मधला हिपॅटायटिस बी या काविळीच्या तपासणीचा, शेवटचा गर्भधारणेच्या. कुणाची कोणती तपासणी कोणत्या दिवशी झाली हे शेजारच्याला कळायला पीडीएफची काय गरज? पीडीएफमध्ये (अण्णांच्या फाइलवरून सांगते) वय, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि निकाल होते. आधार किंवा बँकेची माहिती दिसली नाही.

शनिवारी रात्री ८.२५ ला पावतीवरच्या नंबरवर फोन केला. रिसेप्शनवरच्या ताईंचं उत्तर: "रिपोर्ट मिळाला ना तुम्हाला? मग झालं तर." त्यांचा दोष नाही, मी "बकेट पब्लिक आहे" असं बोलले होते. रात्री ८.५० ला लॅबच्या ईमेलवर आणि रिपोर्टच्या तळाशी छापलेल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ईमेलवर एकच पत्र पाठवलं, स्क्रीनशॉट झाकून. रविवारी सकाळपर्यंत दोन्हीकडे शुकशुकाट. मग १०.१५ ला incident@cert-in.org.in वर कळवलं, पोच आणि संदर्भ क्रमांक आला. त्यानंतर अ‍ॅमेझॉनचा गैरवापर कळवायचा फॉर्म भरला. ते असा निरोप खातेधारकाला पुढे पाठवतात.

सोमवारी सकाळी ९.४० ला सरळ लॅबमध्ये गेले. डॉक्टरांना कागदावर छापलेला स्क्रीनशॉट दाखवला. त्यांनी नावं वाचली नाहीत, कोड वाचले आणि उभ्या उभ्या कंपनीला फोन लावला. एका ईमेलने जे झालं नाही ते एका कागदाने झालं.

११.२० ला कंपनीकडून निरोप: "मॅडम, बंद केलंय, चेक करा." यादीच्या जागी आता `AccessDenied` येत होतं. डॉक्टर निर्धास्त झाले. पण ११.३५ ला अण्णांची पूर्ण लिंक टाकली तर रिपोर्ट पहिल्यासारखाच उघडला. कारण यादी दाखवण्याची परवानगी (`s3:ListBucket`) वेगळी आणि फाइल वाचू देण्याची (`s3:GetObject`) वेगळी. त्यांनी पहिली काढली, दुसरी तशीच ठेवली. दोन दिवसांत कोणी ती यादी उतरवून घेतली असेल तर त्याच्याकडे प्रत्येक फाइलचा पत्ता तयारच होता. हे कंपनीच्या माणसाला पटवायला चार फोन लागले. त्याचीही अडचण खरी होती: वाचण्याची परवानगी काढली की आजवर पेशंटना गेलेल्या सगळ्या लिंका मेल्या.

मंगळवारी दुपारी ४.०५ ला तीही बंद झाली. आता पाठवल्या जाणाऱ्या लिंका सहीच्या आहेत, `X-Amz-Expires=86400` म्हणजे चोवीस तासांत आपोआप बाद. अण्णांची जुनी लिंक अर्थातच गेली. गुरुवारी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचा रिपोर्ट शेवटी लॅबमधून छापून आणला.

दार उघडं का राहिलं, हा माझा अंदाज: एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटवर सार्वजनिक प्रवेश आपोआप अडवलेला असतो. इथल्या पहिल्या फाइली जानेवारी २०२३ च्या आहेत. म्हणजे बकेट त्याआधीची, आणि नंतर कोणी तिच्या सेटिंगकडे वळून पाहिलं नसावं. अण्णांचा त्या दिवशीचा रिपोर्टही तिथेच होता, तेव्हा हा प्रकार बंद होईपर्यंत चालूच होता.

या काळात आणखी कोणी यादी पाहिली का, याचं उत्तर कंपनीकडे नाही. कोणी काय उघडलं याच्या नोंदी बकेटवर आपण होऊन चालू कराव्या लागतात. त्या चालू नव्हत्या. सोमवारपासून चालू केल्या आहेत.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत संस्थेने स्वतः कळवायचं असतं. माझा ईमेल त्याची जागा घेत नाही, हे मी डॉक्टरांना सोमवारीच सांगितलं. त्यांनी कळवल्याचं तोंडी सांगितलं, कागद मी पाहिलेला नाही. माझ्याकडचा स्क्रीनशॉट मंगळवारी संध्याकाळी डॉक्टरांसमोर फोनमधून पुसला.

ज्यांची नावं त्या यादीत होती, त्या पेशंटना मात्र अजून कोणी काही सांगितलेलं नाही. निदान अण्णांच्या फोनवर आजपर्यंत तसा एसेमेस आलेला नाही. ही मागणी मी लॅबला लेखी दिली आहे आणि डॉक्टरांनी सोमवारपर्यंतचा वेळ मागितला आहे.

नाशिक, १४ नोव्हेंबर २०२५