खर्च-परिणामकारकता विश्लेषण

ग्रामीण महाराष्ट्रातील 30 ते 65 वर्षांच्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची दर दहा वर्षांनी होणारी एचपीव्ही डीएनए चाचणी आणि दर पाच वर्षांनी अ‍ॅसिटिक आम्ल लावून केली जाणारी दृश्य तपासणी यांची तुलना मार्कोव्ह प्रतिमानाद्वारे, समाजाच्या दृष्टिकोनातून केली. खर्च व परिणाम दोन्हींवर वार्षिक 3 टक्के वटाव धरला आहे.

एचपीव्ही चाचणीमुळे प्रत्येक स्त्रीमागे सरासरी 1,140 रुपये वाढीव खर्च आला आणि 0.012 गुणवत्ता-समायोजित जीवनवर्षे अधिक मिळाली; म्हणजे वाढीव खर्च-परिणामकारकता गुणोत्तर प्रति गुणवत्ता-समायोजित जीवनवर्ष 95,000 रुपये ठरते. भारतात सामान्यतः वापरला जाणारा दरडोई सकल देशांतर्गत उत्पादनाइतका उंबरठा आम्ही 2,00,000 रुपये मानला. त्यानुसार प्रतिस्त्री निव्वळ आर्थिक लाभ 1,260 रुपये होतो.

संभाव्यताधारित संवेदनशीलता विश्लेषणाच्या 10,000 आवर्तनांपैकी 84 टक्के आवर्तनांत एचपीव्ही चाचणी या उंबरठ्यावर किफायतशीर ठरली. उंबरठा 1,00,000 रुपयांवर आणताच हे प्रमाण 53 टक्क्यांवर उतरले. काही आवर्तनांत वाढीव लाभ ऋण असल्याने, आणि ऋण गुणोत्तराचा अर्थ संदिग्ध असल्याने, गुणोत्तराची विश्वासमर्यादा देण्याचे आम्ही जाणीवपूर्वक टाळले आहे.

एकचल विश्लेषणात चाचणीच्या किमतीपेक्षाही निर्णायक ठरला तो उपचारासाठी परत येणाऱ्या स्त्रियांचा वाटा: तो 80 वरून 55 टक्क्यांवर घसरल्यास गुणोत्तर 2,10,000 रुपयांवर जाते, कारण दृश्य तपासणीत त्याच भेटीत उपचार शक्य असतात, तर आमच्या प्रतिमानातील एचपीव्ही चाचणीचा अहवाल नंतर येतो.