अवयवदान, देहाची अखंडता आणि धर्म : जैवनीतिशास्त्र चर्चासत्रासाठी सारांश

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका आहे. मृत्यूनंतर नेत्रदानाबद्दल नातेवाइकांशी बोलणे हा माझ्या कामाचा भाग. "आमच्यात चालत नाही" हे उत्तर मी सर्व धर्मांच्या घरांत ऐकले आहे. माझे म्हणणे एवढेच की या नकारामागे धर्माचा सिद्धांत क्वचितच असतो. बहुतेक वेळा अंत्यविधीची काळजी असते, आणि ती आपण विचारातच घेत नाही.

आधी एक फरक. गावात घरी मृत्यू झाला तर बुबुळे साधारण 6 तासांच्या आत घेता येतात, त्वचाही देता येते. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांसाठी मात्र मेंदूमृत्यू व्हेंटिलेटरवर असताना व्हावा लागतो. 1994च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. छाती हलते आहे, अंग गरम आहे, तरी माणूस गेला असे मानायचे का, हा खरा धर्मशास्त्रीय प्रश्न तिथे आहे. बुबुळांच्या बाबतीत तो उद्भवतच नाही.

हिंदू घरांत सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य : "डोये काढले तं पुढच्या जन्मी आंधयी येईन माही माय." गीता (2.22) शरीराला जीर्ण वस्त्र म्हणते, आणि वस्त्र टाकल्यावर त्याचे काही उरत नाही. पण हा श्लोक ऐकवून मला एकही संमती मिळालेली नाही. एका आजींच्या मुलाने शेवटी मनातले सांगितले : दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर सारे गाव म्हणेल की डोळे काढल्यामुळे आईचा जीव अडकला. त्याला पुनर्जन्माची भीती नव्हती, दहाव्या दिवसाची होती. अशा माणसाला श्लोकापेक्षा त्याच्याच भावकीतला, आधी नेत्रदान केलेल्या घरातला माणूस भेटवणे उपयोगी पडते. पापण्या मिटलेल्या राहतात, चेहरा विद्रूप होत नाही, हे त्याने सांगितलेले पटते.

बौद्ध वस्त्यांत चित्र वेगळे. 1956च्या नागपूरच्या दीक्षेतील 22 प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध व पिंडदान नाकारले आहे, त्यामुळे कावळ्याचा प्रश्नच निघत नाही. दान ही पहिली पारमिता, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारा पहिला सद्गुण, आणि जातकातला शिबी राजा स्वतःचे डोळे देतो. तरीही नकार येतो. कारण बहुधा दवाखान्यावरचा अविश्वास असतो, आणि त्याला धार्मिक समजून उत्तर देणे हा आपला दोष.

मुस्लिम कुटुंबांत दोन गोष्टींचा ताण असतो. मृताचे हाड मोडणे जिवंताचे हाड मोडण्यासारखे, अशी हदीस आहे. दुसरीकडे एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, असे कुराण (5:32) म्हणते. इस्लामी देशांच्या फिक्ह अकादमीने, म्हणजे धर्मकायद्याचा अर्थ लावणाऱ्या संस्थेने, 1986 मध्ये अम्मान येथे मेंदूमृत्यू मान्य केला आणि 1988 मध्ये जेद्दा येथे अटींसह प्रत्यारोपणाला परवानगी दिली. भारतीय उपखंडातले अनेक मुफ्ती मात्र शरीर ही अल्लाहची अमानत मानून मरणोत्तर दान नाकारतात. दोन्ही मते विद्वानांची आहेत. "तुमचा धर्म परवानगी देतो" असे त्या घरात जाऊन मी सांगणे मला अयोग्य वाटते. तो निर्णय त्यांचा आणि त्यांच्या मौलवींचा. गुस्ल म्हणजे मृताचे स्नान, कफन आणि दफन यांना उशीर होणार नाही, हे मात्र मी सांगितलेच पाहिजे.

कॅथलिक भूमिका स्पष्ट आहे : पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2000 मध्ये अवयवदानाला प्रेमाची कृती म्हटले आणि मेंदूमृत्यूचा निकष, काटेकोरपणे लावला तर, स्वीकारार्ह मानला. महानुभाव पंथात परंपरेने देह पुरतात. गोंड, माडिया समाजांतही दफनाची प्रथा आहे. त्यांच्याशी बोलताना "नाहीतरी जळूनच जाणार" हे आपले नेहमीचे वाक्य निरर्थक ठरते, उलट दुखावते.

राहतो दधीचींचा दाखला. जनजागृतीच्या बहुतेक भाषणांत तो येतो. पण दधीचींनी अस्थी स्वतः, जाणून दिल्या. आपल्याकडे प्रतिज्ञापत्र भरलेले असले तरी व्यवहारात घरच्यांच्या होकाराशिवाय कोणी पुढे जात नाही, आणि ते भरलेले नसेल तर कायद्यानेच तो निर्णय जवळच्या नातेवाइकाकडे जातो. शेतातून, रडत, थेट आलेल्या मुलाने आईचे डोळे देणे हे दधीचींचे दान नव्हे. आईने हयातीत काही म्हटले होते का, हे विचारल्याशिवाय देहाच्या अखंडतेवर तिचा हक्क कसा राखणार? चर्चासत्रात यावर बोलावे, अशी माझी विनंती आहे. दुसरी विनंती संमतीच्या संवादाबद्दल : पहिला प्रश्न "माती किती वाजता आहे, कोण यायचे राहिले आहे?" हा असावा, आणि नेत्रपेढीचे पथक त्या वेळेत पोहोचणार नसेल, तर दानाचा विषयच काढू नये.